काळी चंद्रकोर कुठून येते: स्कोपच्या रिंगची उंची, गाल आणि आय रिलीफ

प्रश्न: सर, मी अमळनेरचा. माझ्याकडे पॉइंट १७७ ची स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची एअर रायफल आहे. तिच्यावर ३-९×४० चा नवा स्कोप, त्याला रायफलवर धरणाऱ्या उंच म्हणजे हाय रिंग घेऊन बसवला. मळ्यात मातीच्या बांधासमोर कागदी टार्गेट लावतो. ९ पॉवरवर कधी चित्र पूर्ण गोल दिसतं, कधी कडेला काळी चंद्रकोर येते, मान हलवली की जाते. २५ मीटरवर छर्र्यांच्या भोकांचा ग्रुप पसरतो. स्कोप खराब निघाला का?

उत्तर:

स्कोप परत करायची घाई नको. मान हलवल्यावर सावली जाते, म्हणजे काच ठीक आहे. तुमचा डोळा काचेच्या मागे दर वेळी एकाच जागी येत नाही, एवढंच ती सावली सांगते. तो का येत नाही याचं उत्तर नव्वद टक्के वेळा रिंगच्या उंचीत आणि तुमच्या गालात सापडतं. मागे धरणगावकडचा एक मुलगा असाच स्कोप घेऊन आला होता, "भाऊ, काच खराब शे का?" म्हणून. रायफल खांद्याला लावायला सांगितली तर दस्त्यावर त्याची हनुवटी टेकलेली आणि गाल पूर्ण हवेत. काचेत काहीही बिघाड नव्हता.

आधी सावलीचा हिशोब समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्कोपच्या मागून प्रकाशाची एक बारीक गोल वाट बाहेर पडते. तिची रुंदी म्हणजे पुढच्या काचेचा व्यास भागिले पॉवर. तुमच्या स्कोपची पुढची काच ४० मिमीची. ३ पॉवरवर ही वाट १३ मिमी रुंद असते, ९ पॉवरवर जेमतेम साडेचार मिमी. म्हणजे ९ पॉवरवर डोळा मध्यापासून सव्वादोन मिमी सरकला की तो वाटेच्या काठावर पोचतो आणि चंद्रकोर उगवते. ३ पॉवरवर तेवढंच सरकून काही कळतही नाही. म्हणून बरेच जण दुकानात ३ पॉवरवर बघून खूश होतात आणि घरी येऊन ९ वर गोंधळतात.

आता ग्रुपचं. सावली आली तरी क्रॉसहेअर टार्गेटवर दिसतोच, मग नेम चुकतो कसा? कारण पॅरॅलॅक्स. स्कोपच्या आत टार्गेटची प्रतिमा आणि क्रॉसहेअर एकाच पातळीवर पडले, तर डोळा थोडा सरकला तरी नेम तोच राहतो. पण ही पातळी एकाच अंतरासाठी जुळवलेली असते. मोठ्या रायफलींसाठी बनवलेल्या साध्या स्कोपमध्ये ती बहुधा १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरला पक्की केलेली असते. तुम्ही मारता २५ मीटरवर. जास्तीत जास्त चूक काढायचा हिशोब सोपा आहे: पुढच्या काचेची त्रिज्या २० मिमी, गुणिले अंतरातला फरक ६६ मीटर, भागिले ९१. उत्तर येतं साडेचौदा मिमी. डोळा वाटेच्या काठाशी असताना, म्हणजे जेमतेम सव्वादोन मिमी सरकलेला असताना, तुमचा छर्रा बाकी सगळं बरोबर असूनही साडेचौदा मिमी बाजूला जाऊ शकतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघितलंत की झाला तीन सेंटीमीटरचा ग्रुप. त्यात रायफलचा किंवा छर्र्याचा दोष नाही.

यावरून एक परीक्षा करता येते. काहीही न खोलता, त्याच रायफलने, त्याच छर्र्यांनी पाच फैरी ९ पॉवरवर मारा आणि पाच ४ पॉवरवर. डोळ्याच्या तेवढ्याच सरकण्याची चूक पॉवर कमी केली की त्याच प्रमाणात कमी होते. ४ पॉवरवर बारीक नेम धरणं कठीण असतं, तरीही ग्रुप लहान आला तर दोष डोक्याच्या जागेचा आहे हे पक्कं धरा. दोन्हीकडे सारखाच पसरला तर रिंग ढिल्या असणं, स्कोप घसरणं किंवा रायफलची पकड, असा दुसरा शोध घ्यावा लागेल.

तुमच्या स्कोपच्या पुढच्या रुंद तोंडावर, म्हणजे बेलवर, अंतराचे आकडे असलेलं फिरणारं कडं असेल तर पॅरॅलॅक्स २५ मीटरला जुळवता येतो. तिथल्या छापील आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, हात न लावता मागून डोळा वर-खाली हलवा आणि क्रॉसहेअर कागदावर पोहतो का ते बघा. तो हलायचा थांबेल तिथे ते कडं ठेवा आणि पेनाने खूण करा. हे करण्याआधी आयपीसचं, म्हणजे डोळ्याकडच्या काचेचं, मागचं कडं फिरवून क्रॉसहेअर तुमच्या डोळ्याला काळा आणि धारदार करून घ्या. पांढऱ्या भिंतीकडे बघून, दोन-तीन सेकंदांच्या झलकीतच, कारण जास्त वेळ बघितलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो.

आता मुख्य मुद्दा, रिंगची उंची. तुम्ही हाय रिंग घेतल्या, बहुधा बेल रायफलच्या नळीला लागेल या भीतीने. ही भीती मोजून घालवा. व्हर्नियर कॅलिपरने बेलचा बाहेरचा व्यास मोजा. काचेचा ४० नाही, धातूचा. समजा तो ५० मिमी भरला, तर निम्मा २५. स्कोपची नळी एक इंची, म्हणजे २५.४ मिमी, निम्मी १२.७. दोहोंतला फरक १२.३ मिमी. रायफलवर रिंग जिथे बसतात त्या रेलच्या पृष्ठापासून रिंगमध्ये बसलेल्या नळीच्या तळापर्यंत एवढी उंची मिळाली की बेल जेमतेम टेकते. वर दोन मिमी मोकळी जागा धरा, म्हणजे साडेचौदा मिमीची रिंग पुरेशी झाली. बाजारात लो, मीडियम, हाय ही नावं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, तेव्हा नावावर न जाता हे माप विचारा. तुमच्या रिंगमध्ये ते २० किंवा २१ मिमी निघालं तर तुमचा डोळा सहा मिमी विनाकारण वर उचललेला आहे. ९ पॉवरवर सव्वादोन मिमीची मुभा असताना सहा मिमी हा फार मोठा आकडा आहे.

या हिशोबात एक अडथळा येऊ शकतो. ब्रेक बॅरल रायफलला नळीच्या मुळाशी उघडी साइट असते आणि बेल बरोबर तिच्यावर येते. ती काढता येत असेल तर काढून ठेवा. नसेल तर मोजणी रेलपासून करू नका, साइटच्या माथ्यापासून करा. शिवाय स्कोप बसवल्यावर नळी पूर्ण मोडून बघा. छर्रा भरताना अंगठा बेलला अडकत असेल तर स्कोप थोडा मागे हवा, आणि तो मागे घेतला की आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि स्कोप यांतलं अंतर, बदलणार. म्हणून ही गोष्ट स्क्रू आवळण्याआधीच बघायची.

रिंग योग्य घेतल्यावरही काम संपत नाही. आपल्याकडच्या बहुतेक एअर रायफलींचा दस्ता उघड्या साइटसाठी बनवलेला असतो. उघड्या साइटची रेषा रेलच्या थोडीच वर, आणि स्कोपचा मध्य तुमच्या बाबतीत रेलपासून सुमारे २७ मिमी वर. गाल दस्त्यावर नीट दाबला की डोळा स्कोपच्या मध्याखाली राहतो. मग माणूस नकळत गाल उचलतो, हनुवटी टेकवतो, मान ताठ धरतो. प्रत्येक फैरीला हे उचलणं वेगळं असतं, आणि तुमची कधी येणारी, कधी न येणारी चंद्रकोर हीच आहे.

हे तपासायला रायफल रिकामी आणि न ताणलेली असल्याची खात्री करा, सुरक्षित दिशेला धरा, डोळे मिटा आणि मान सैल सोडून गाल दस्त्यावर टाका. गालाच्या हाडाखालचं मांस दबेल इतका. मग डोळा उघडा आणि आहात तिथेच थांबा. चित्र पूर्ण गोल असेल तर उंची जमली. नसेल तर मान न हलवता, फक्त गाल हळूहळू उचलत चित्र पूर्ण कुठे होतं ते बघा. तेवढी उंची दस्त्यावर चढवायची. योगा मॅटचे तुकडे कापून, एकावर एक ठेवून, कापडी चिकटपट्टीने दस्त्याच्या माथ्यावर बांधा. एक थर, पुन्हा डोळे मिटून परीक्षा, मग दुसरा थर. चामड्याचं चीक पीस नंतर हौसेने घ्या, आधी मॅटवर माप ठरू द्या. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ही पट्टी घामाने आणि उष्णतेने सरकते, म्हणून तिला खालून पूर्ण वेढा द्या.

उंची ठरली की मगच आय रिलीफ. हा क्रम उलटा केला तर दोनदा काम करावं लागतं, कारण गाल वर-खाली झाला की डोकं पुढे-मागेही सरकतं. आय रिलीफ म्हणजे आयपीसपासून डोळ्यापर्यंतचं ते अंतर, जिथे चित्र काठोकाठ भरतं. अशा स्कोपमध्ये ते साधारण ७५ ते ९० मिमी असतं आणि बऱ्याच स्कोपमध्ये पॉवर वाढवली की थोडं घटतं. म्हणून जुळवणी नेहमी सगळ्यात जास्त पॉवरवर करायची. ९ वर जमलं की ३ वर जमतंच, उलट मात्र होत नाही.

रिंगचे वरचे स्क्रू एवढेच आवळा की स्कोप हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही. तुम्ही ज्या बैठकीत सर्वांत जास्त मारता त्याच बैठकीत बसा. मळ्यात सतरंजीवर पालथं पडून मारत असाल तर पालथं पडूनच जुळवा, कारण पालथं पडल्यावर डोकं उभ्यापेक्षा बरंच पुढे येतं. थंडीत जाड जॅकेट घालून मारणार असाल तर ते घालूनच. पुन्हा डोळे मिटा, गाल टाका, उघडा. चित्राभोवती सगळीकडून सारखं काळं कडं दिसलं तर अंतर चुकतंय. डोकं सावकाश पुढे नेल्यावर चित्र मोठं होत गेलं तर स्कोप लांब होता, मागे नेल्यावर सुधारलं तर तो जवळ होता. एका बाजूलाच चंद्रकोर असेल तर अंतराला हात लावू नका, तो उंचीचा किंवा डाव्या-उजव्या बाजूचा प्रश्न आहे. हा फरक ओळखता आला की अर्धी धडपड वाचते.

आता स्कोप पुढे सरकवत न्या. कडं दिसायला लागेल तिथे स्कोपच्या नळीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पेन्सिलने रेघ मारा. मग मागे आणा, पुन्हा कडं दिसेल तिथे दुसरी रेघ. दोन रेघांच्या मधोमध किंवा जरा पुढच्या बाजूला स्कोप ठेवा. पुढची बाजू एवढ्यासाठी की मारता मारता डोकं हळूहळू पुढेच घसरतं, मागे कधी जात नाही. रिंग टरेटच्या, म्हणजे नेम हलवायच्या बटणांच्या, खोक्याला टेकवू नका आणि बेलच्या उतारावर चढवू नका. नळीच्या सरळ भागावरच त्यांची जागा आहे. ती जागा पुरत नसेल तर मान ताणण्यापेक्षा रिंग रेलवर पुढे-मागे हलवा.

यानंतर क्रॉसहेअर सरळ करणं. टार्गेटच्या जागी दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. आपल्याकडे दुपारी वारा सुटतो, तेव्हा हे काम सकाळी. रायफलच्या रेलवर छोटी लेव्हल ठेवून रायफल सपाट करा आणि उभी रेघ दोरीवर जुळवा. वाकडा क्रॉसहेअर सरळ दिसावा म्हणून आपण नकळत रायफलच तिरपी धरतो आणि गालही त्यासोबत तिरपा होतो. चुकीची किंमत सांगतो. साधारण २०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेला छर्रा २५ मीटरपर्यंत नळीच्या रेषेपासून आठ-साडेआठ सेंटीमीटर खाली पडतो. झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवणं, रायफल सरळ धरून केलं आणि नंतर ती पाच अंश कलली, तर छर्रा सात मिमी बाजूला जातो. दर फैरीला कल वेगळा असेल तर तो पसारा ग्रुपमध्ये मिळतोच.

स्क्रू आवळताना इथेच जुळवलेलं सगळं बिघडतं. एका बाजूचा स्क्रू आधी घट्ट केला की नळी त्या बाजूला फिरते आणि सरळ केलेला क्रॉसहेअर तिरपा होतो. म्हणून आळीपाळीने, आडव्या-तिरप्या जोडीने, पाव-पाव फेरा द्या आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवा. वरच्या टोपणाच्या स्क्रूला साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर एवढा जोर पुरतो. कंपनीने आकडा दिला असेल तर तोच पाळा. टॉर्कची किल्ली नसेल तर ॲलन कीचा लांब दांडा स्क्रूत घालून आखूड दांडा दोन बोटांत धरा आणि थांबेल तिथे सोडून द्या. जास्त पिळलं की पातळ ॲल्युमिनियमची नळी चेपते. तेव्हा पॉवरचं कडं जड फिरू लागतं, टरेटचे क्लिक केले तरी नेम हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. स्कोप काढल्यावर नळीवर चकाकणारे अर्धगोल ओरखडे दिसले तर कारण तेच.

दोन रिंग एका रेषेत नसल्या तरी नळी वाकते. वरची टोपणं काढा आणि स्कोप खालच्या अर्ध्या भागांत नुसता ठेवा. तो डुगडुगत असेल किंवा एका रिंगखाली उजेडाची फट दिसत असेल तर रिंग रेलच्या डोव्हटेल खाचेवर तिरकी बसली आहे. ११ मिमीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या रेल सगळ्या तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे जबडा एका बाजूने वर चढतो. काढा, रेल आणि जबडा स्पिरिटने पुसून तेल घालवा, पुन्हा बसवा. तरीही जमलं नाही तर दोन रिंगऐवजी एकसंध माउंट घ्या. स्प्रिंग रायफलसाठी मी तोच पसंत करतो.

ही पसंती धक्क्यामुळे. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि पिस्टन टोकाला आदळला की लगेच पुढे झटकते. या पुढच्या झटक्यात स्कोप जागच्या जागी राहू बघतो, म्हणजे रेलवर हळूहळू मागे घसरतो. आय रिलीफ रोज थोडं कमी होतं, आणि महिन्याभरापूर्वी उत्तम असलेल्या चित्राला पुन्हा कडं यायला लागतं. रेलवर भोक असेल तर मागच्या रिंगची स्टॉप पिन त्यात उतरवा. रिंगच्या पुढे रेलवर आणि रिंगच्या मागे स्कोपच्या नळीवर पेन्सिलची एकेक रेघ मारून ठेवा. पन्नास फैरींनंतर रेघ आणि रिंग यांत अंतर पडलं असेल तर घसरण चालू आहे. स्कोप घेतानाही तो एअर रायफलच्या दुहेरी धक्क्याला चालतो का हे विचारायलाच हवं, कारण एका दिशेच्या मोठ्या धक्क्याला टिकणारे स्कोपसुद्धा या उलट धक्क्याने आतून सुटतात.

सगळं झालं आणि झिरो करताना वरचा टरेट पूर्ण फिरवूनही छर्रे खालीच लागत राहिले तर घाबरू नका. नळी मोडणाऱ्या रायफलींत नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असणं नेहमीचं आहे. टरेट टोकाला नेऊन ठेवला तर आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो भटकतो. मागच्या रिंगमध्ये स्कोपच्या नळीखाली कोल्ड ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घाला. पत्रा साधारण ०.१ मिमीचा, रिंगांमधलं अंतर १०० मिमी धरलं तर एक पट्टी २५ मीटरवर २५ मिमी वर उचलते. एक किंवा फार तर दोन घाला. त्याहून जास्त लागत असतील तर स्कोपची नळी वाकवण्यापेक्षा मुळातच उतार दिलेला माउंट घ्या.

इतकं करूनही पिशव्यांवर ठेवलेल्या रायफलीत, डोळा मधोमध असताना, पॉवर ३ वरून ९ वर नेताना क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकत असेल, किंवा आत धुकं दिसत असेल, तर मात्र दोष स्कोपचा समजा आणि बिल घेऊन दुकानदाराकडे जा. त्याआधी बेलचा व्यास, रिंगमधल्या नळीच्या तळाची रेलपासून उंची आणि गालाखाली किती मिमी चढवावं लागलं ही तीन मापं मला कळवा, म्हणजे कोणती रिंग घ्यायची ते नेमकं सांगता येईल.